गच्चीवरची खूण (लघुकथा आणि एक शंका)

ओसरीवरून

धाकटी बहीण कोयनेच्या फुगवट्यावर, शिवसागराच्या काठच्या एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिनं सांगितलेल्या एका सकाळीवरून ही कथा लिहिली. गावाचं नाव मुद्दाम गाळलंय. शेवटी एक शंका आहे, तिचं उत्तर मिळालं तर कथा पुन्हा लिहीन म्हणते.

गावात स्लॅबचं घर एकच. मालक मुंबईला, माथाडीत. वरचा मजला चढवायचा म्हणून चारी कोपऱ्यांतून सळया वर काढून ठेवलेल्या, आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. वारा सुटला की त्या खडखडतात. दहा वर्षं झाली, मजला काही चढला नाही.

गुरुवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलेला फोन एकदाच किणकिणला. त्या खिळ्यावर फोन लागत नाही, पण दिवसातून दोनतीनदा निरोप येऊन पडतात. केंद्राच्या ग्रुपवर मेसेज होता. उद्या सकाळी अकराला ऑनलाइन प्रशिक्षण, उपस्थिती अनिवार्य, हजेरीची लिंक सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा येईल.

संध्याकाळी बाईंनी अण्णांना गाठलं. घराची किल्ली आणि शिडी दोन्ही त्यांच्याकडेच.

"जावा की. टाकीच्या मागं बसा, तितं लागतंय. आमचा बारका तितनंच बोलतो पुण्याला."

स्लॅबवर नाचणीची कणसं वाळत घातली होती. त्यातून वाट काढत बाई काळ्या टाकीशी गेल्या. टाकी बुटक्या चौथऱ्यावर, गावाकडच्या अंगाला. मागे बसलं की पाण्यावरून येणारा वारा लागत नाही. फोन छातीशी धरून त्या इंच इंच सरकल्या. काही नाही, काही नाही, मग एक दांडी, मग दोन. श्वास रोखून त्यांनी खिशातला खडू काढला आणि त्या जागी फुली मारली. बहिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. चेहरा जरा चौकटी चौकटीचा, पण दिसला. टाकीला टेकून बसल्या तर ती ढोलासारखी घुमली.

शुक्रवारी दुसरे सर पगारबिलांसाठी तालुक्याला गेले होते. बाईंनी चौथीच्या मुलांना पहिली-दुसरी सांभाळायला दिली, फळ्यावर गुणाकार लिहिले आणि पावणेअकराला शिडी चढल्या. पहाटेपासून अण्णांच्या मोटरचा आवाज चालू होता; शनिवारी मुंबईकर यायचे होते. वर पाहिलं तर टाकीच्या बाहेरच्या नळीतून पाणी ओघळून फुलीची एक रेघ पुसली गेली होती. उरलेल्या अर्ध्या फुलीवर त्या नेमक्या बसल्या. थंडगार टाकीला पाठ लावली.

एक दांडी. मग तीही नाही.

पुसलेल्या रेघेमुळे जागा चुकली असेल म्हणून चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे. उकिडव्या बसून, उभ्या राहून. अकरा वाजून सात मिनिटांनी एकदाचं फिरणारं चक्र थांबलं आणि एका बाईंचा आवाज आला, "...तर वाचनपूर्व तयारी म्हणजे काय, कोण सांगेल? मॅडम, तुमचं नाव दिसतंय, तुम्ही सांगा."

बाईंनी माइक उघडला. उत्तर त्यांना येत होतं. पुस्तकाचं चित्र आधी दाखवायचं, गोष्टीत काय असेल ते मुलांना विचारायचं, सगळं त्या सांगत गेल्या.

"मॅडम, तुमचा आवाज येत नाहीये."

बाई उभ्या राहिल्या. "आता येतोय का?"

"मॅडम, माइक चालू करा."

"चालूच आहे! ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?"

खालून, रस्त्यापलीकडच्या शाळेच्या व्हरांड्यातून, अठरा पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "हो, बाईऽऽ!"

कथा एवढीच. शंका अशी की संध्याकाळी जिथं दोन दांड्या होत्या, तिथंच सकाळी का नाही? जागा तीच, फोन तोच. बहीण म्हणते नशीब. मला कथेत नशीब लिहायचं नव्हतं.

निळी शाई

बाटल्या फार आवडल्या. आमच्या गावाकडे सळयांवर नारळाच्या करवंट्या असतात. शेवट मात्र मला जरा गोड झाला. पोरं "हो बाई" म्हणतात तिथं वाचक हसतो आणि सुटतो. हजेरीची दुसरी लिंक भरली की नाही? खरी टांगती तलवार तीच ना?

पत्रावळ

ताई, उत्तर सोपं आहे. नोव्हेंबरातली सकाळ, धरणाचं पाणी, म्हणजे धुकं. धुक्यात ओल असते, ओल रेंज खाते. पावसाळ्यात नाही का रेंज जात? आमच्याकडे तर पहिला पाऊस पडला की फोन मुका. अशा वेळी फोन स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवायचा, रेंज गोळा होते. मी स्वतः करते.

मनोरा

अकरा वर्षं टॉवरच्या देखभालीवर काढली, म्हणून लिहितो.

पत्रावळ, ओल रेंज खाते हे पूर्ण खोटं नाही, पण इथं लागू नाही. आपल्या फोनच्या लहरी धुक्यातून आणि पावसातूनही जवळपास तशाच निघून जातात. पावसाळ्यात फोन मुका होतो कारण गावाची वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास ओढते आणि बसते. डोंगरात डिझेल घेऊन जाणारी गाडीच पोचत नाही. दुसरं असं, की दुर्गम टॉवर पुढच्या टॉवरला गोल तबकडीनं जोडलेला असतो. त्या तबकडीच्या लहरी बऱ्याच बारीक, त्यांना मुसळधार पाऊस खरंच आडवा येतो. मग तुमच्या फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि आत काहीच चालत नाही.

पातेल्याबद्दल: पातेल्यात स्पीकरचा आवाज मोठा होतो, रेंज नाही. स्टील उलट एक बाजू बंद करतं. चुकून टॉवरच्या बाजूला तोंड असेल तर फरक वाटेलही, पण ते लॉटरीचं तिकीट.

ताई, कथेतली एक गोष्ट तुम्हाला माहीत नसताना अगदी बरोबर आली आहे. बाईंना समोरचं ऐकू येतं, पण त्यांचं जात नाही. टॉवर काही दहा वॅटनं बोलतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनं. कर्ण्यावरून बोलणाऱ्याचं शेवटच्या घराला ऐकू जातं, शेवटच्या घरातल्या माणसाचं त्याला जात नाही. म्हणून रेंजच्या काठावर असताना पहिला मरतो तो आपला माइक आणि आपला कॅमेरा. प्रशिक्षकांना वाटतं समोरच्यानं माइकच उघडला नाही.

आता मला एक सांगा. टॉवर कुठल्या दिशेला आहे? आणि टाकी त्याच्या नि बाईंच्या मध्ये येते का?

धडा_पहिला

हे वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण होतं का? माझी १२ वर्षं झाली, नाव यादीत नाही. नोंदणीची लिंक कुणाकडे असेल तर इथं टाका. आणि ज्यांची एक हजेरी चुकली त्यांना प्रमाणपत्र मिळालं का, तेही सांगा.

ओसरीवरून

धडा_पहिला, नाही हो, हे साधं अर्ध्या दिवसाचं केंद्रस्तरावरचं होतं. लिंक माझ्याकडे कुठली, मी गृहिणी.

निळी शाई, खऱ्या आयुष्यात दुसरी लिंक तिनं दुपारी तीनला भरली, तेव्हा फॉर्म बंद झाला होता. केंद्रप्रमुखांना लाँचवर गाठून तोंडी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्याचं पुढे काय झालं तिलाही माहीत नाही, म्हणून कथेत घेतलं नाही.

मनोरा, टॉवर पाण्यापलीकडे आहे म्हणते, रात्री लाल दिवा दिसतो. टाकी मध्येच येते. अण्णांनी तिथंच बसायला सांगितलं होतं ना, वाऱ्याचा आडोसा म्हणून.

मनोरा

मग तुमचं उत्तर तुम्हीच कथेत लिहून ठेवलंय. दोनदा.

गुरुवारी संध्याकाळी टाकी ढोलासारखी घुमली. म्हणजे रिकामी. शुक्रवारी सकाळी बाहेरच्या नळीतून पाणी ओघळत होतं आणि पाठीला थंडगार लागली. म्हणजे काठोकाठ.

रिकामी प्लास्टिकची टाकी या लहरींना जवळजवळ काचेसारखी, आरपार. तीच पाण्यानं भरली की भिंत. विटांच्या भिंतीतून थोडीफार रेंज झिरपते. मीटरभर जाडीच्या पाण्यातून काही येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये पाणी का तापतं? याच जातीच्या लहरी पाणी गिळतं म्हणून. धुक्यात हवेच्या घनमीटरमागे पाणी ग्रॅमभरसुद्धा नसतं. टाकी हजार लिटरची असेल तर त्यात हजार किलो. ओल रेंज खाते हे पत्रावळ यांचं म्हणणं त्या अर्थानं बरोबर, फक्त ओल धुक्यात नव्हती, बाईंच्या पाठीमागे होती.

जे काही थोडं मिळालं ते टाकीच्या कडांवरून वळून किंवा मागच्या डोंगरावर आपटून आलेलं. अशा उसन्या रेंजमध्ये चार बोटांवर फरक पडतो. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एके ठिकाणी एकमेकींना साथ देतात आणि तिथून सातआठ सेंटिमीटरवर एकमेकींना मारतात. बाईंचं इंच इंच सरकणं भाबडं नाही, बरोबर आहे. पण त्यांनी सरकायला हवं होतं टाकीच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, वाऱ्यात.

निळी शाई

अरे देवा. म्हणजे मुंबईकर येणार म्हणून अण्णांनी मोटर लावली आणि बाईंची रेंज गेली. ओसरी, हे तर कथेपेक्षा भारी आहे. अण्णांना यातलं काहीच माहीत नाही, तसंच राहू दे.

पत्रावळ

बरं, मान्य. पण पातेल्यात मला खरंच रेंज येते.

उंबराखाली

धडगावकडचा एक अनुभव, कामाला येईल म्हणून. आमच्या पाड्यावर रेंज मिळते ती टेकडीवरच्या एका आंब्याखाली, आणि तिथं तास दोन तास उन्हात बसून प्रशिक्षण करणं शक्य नाही. आमच्या गुरुजींनी जुना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांबूला बांधला, त्यात सिम, हॉटस्पॉट चालू. खाली सावलीत दुसरा फोन घेऊन बसतात. बांबूपासून पंधरा-वीस पावलांपर्यंत चालतं. एकदा पोरांनी गलोलीनं बाटली समजून त्याच्यावर नेम धरला होता, तेवढं सांभाळावं. आणि उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून पिशवी पांढरी घ्यायची, काळी नाही.

मनोरा

हा उपाय उत्तम. कारण फोन हातात नसला की माणसाचं शरीर मध्ये येत नाही. माणूस म्हणजेही बरंचसं पाणीच. ओसरीताईंच्या बाईंनी फोन छातीशी धरला होता. स्लॅबवर तोंड गावाकडे आणि पाठ टॉवरकडे असेल तर त्यांनी टाकीखेरीज स्वतःलाही आड घातलं.

फक्त स्लॅबवर फोन ठेवून बरोबर खालच्या खोलीत बसू नका. सळया घातलेल्या स्लॅबमधून हॉटस्पॉट कसाबसा येतो. कठड्यावर ठेवा आणि खाली अंगणात बसा, जिथून फोन डोळ्यांना दिसेल.

सायंतारा

मी पुण्यात हौशी रेडिओवाला आहे, हॅम म्हणतात तसा. टाकी पटली, पण पूर्ण नाही. मोठ्या पाण्यावर हिवाळ्यात सूर्य मावळला की खाली गार हवा आणि वर उबदार हवा असे थर बसतात. त्या थरांतून लहरी वाकून लांबपर्यंत जातात. हिवाळ्यातल्या पहाटे आम्हाला एरवी कधी न लागणारी लांबची स्टेशनं ऐकू येतात, ऊन तापलं की गप्प. कथेतली दोन दांड्यांची वेळ संध्याकाळची आणि हरवण्याची वेळ अकराची. हे त्या थरांच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळतं. टाकी रिकामी असती तरी सकाळी रेंज पडली असती, असं माझं मत.

मनोरा

पाण्यापलीकडे दिवा दिसतोय म्हणजे टॉवर पाचदहा किलोमीटरच्या आत. समोर दिसणाऱ्या टॉवरला थरांची गरज कशाला?

सायंतारा

दिसणारा लाल दिवा आणि फोनला लागलेला टॉवर एकच आहे कशावरून? लाल दिवा दुसऱ्या कंपनीचाही असेल. मोजल्याशिवाय दोघांचंही बोलणं वारा.

ओसरी, बहिणीला सांगा दांड्या मोजू नका. दांड्या प्रत्येक फोनवर वेगळ्या. बहुतेक अँड्रॉइडमध्ये सेटिंगात `About phone`, मग `SIM status`, तिथं `Signal strength` असा आकडा दिसतो, उण्यात. उणे ८५ म्हणजे मजा, उणे ११० च्या खाली रडारड, १२० ला फोन सोडून देतो. दहानं खाली गेला म्हणजे रेंज एक दशांश झाली. काही फोनवर `*#*#4636#*#*` दाबलं तरी तेच पान उघडतं, सगळ्या कंपन्यांच्या फोनवर उघडत नाही.

ओसरीवरून

तेरा दिवसांनी येतेय, माफ करा. बहिणीला हे सगळं वाचून दाखवायला ती सुट्टीत घरी यावी लागली. मग परत जाऊन तिनं अण्णांच्या परवानगीनं मोजलं. आकडे सगळे उणे आहेत, फोन एकच, स्टुलावर ठेवून, स्वतः चार पावलं बाजूला उभी राहून.

संध्याकाळी सात, टाकी रिकामी, टाकीच्या मागे फुलीवर: १०६.
त्याच संध्याकाळी अण्णांनी टाकी भरून दिली, तीच फुली: ११६.
लगेच टाकीच्या पुढे, पाण्याकडच्या कठड्यावर: १०४.
दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा, टाकी भरलेली, कठड्यावर: १०९.

म्हणजे मनोरा जिंकले ना?

(अण्णांनी विचारलं, "बाय, टाकीत काय मोजताय?" तिनं सांगितलं रेंज. ते म्हणाले, "मग पानी कमी घालू का?")

मनोरा

टाकीनं दहा खाल्ले, म्हणजे एक दशांश उरलं. त्या सकाळचं भांडण तिथंच मिटतं. ११६ वर ऐकू येणं म्हणजेच नशीब, माइक जाणं शक्यच नव्हतं.

सायंतारा

आणि कठड्यावर, टाकी मध्ये नसताना, रात्रीपासून सकाळपर्यंत पाच गेले ते कुणी खाल्ले? फोन जास्त झाले म्हणून टॉवर गर्दीचा होतो हे खरं, त्यानं स्पीड पडतो, पण हा आकडा पडत नाही. पाच म्हणजे तिसरा हिस्सा उरला. थर.

मनोरा

एका दिवसाच्या एका मोजणीत तीन-चार इकडेतिकडे होतातच. स्टूल चार बोटं हललं असेल. आठ दिवस मोजा, मग बोलू. आणि टॉवरचा क्रमांक पण टिपा, ते तुमचं बरोबर.

धडा_पहिला

बूस्टर का बसवत नाहीत शाळेत? ऑनलाइन दोन-तीन हजारात मिळतात. ग्रामपंचायतीच्या निधीतून होईल.

मनोरा

नको. परवान्याशिवाय तसा बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि ते नुसतं कागदावर नाही. स्वस्त बूस्टर टॉवरच्या कानात गोंगाट करतो, तुमच्या शाळेत दांड्या वाढतात आणि खोऱ्यातल्या बाकी सगळ्यांचे फोन तुटायला लागतात. असा एक बूस्टर शोधत आम्ही अख्खा दिवस गल्लोगल्ली फिरलोय. लॉजच्या माळ्यावर निघाला. सरळ रस्त्यानं जायचं तर ग्रामसभेचा ठराव करून टॉवरची मागणी करा. २०२२ साली केंद्र सरकारनं रेंज नसलेल्या गावांसाठी ४जी मनोऱ्यांची योजना मंजूर केली, त्या यादीत आपलं गाव आहे का ते तालुक्याला विचारा.

निळी शाई

ओसरी, कथा पुन्हा लिहिणार होतीस. शेवट बदलणार का?

ओसरीवरून

पोरांचं "हो बाई" ठेवणार. मोटरचा आवाजही राहील, पण ढोलासारखी घुमली हे वाक्य काढून टाकीन. तुम्ही सगळ्यांनी तिथंच पकडलंत मला.

आठ दिवसांचे आकडे ती लिहितेय. फुली आता कठड्यावर आहे, ऑइलपेंटनं.